स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतरचा तिसरा महिना: अर्ध्या वाटीत प्रथिने कशी बसवावीत?

अनघा_मिरज

नमस्कार. माझे वय 46 आहे. लठ्ठपणासाठी जठराचा बहुतांश भाग काढून टाकण्याची माझी स्लीव्ह शस्त्रक्रिया होऊन दहा आठवडे झाले आहेत. शस्त्रक्रियेपूर्वी वजन 112 किलो होते, आता ते 96 आहे. पातळ आहार आणि कुस्करलेला आहार हे दोन्ही टप्पे व्यवस्थित पार पडले आणि सध्या मऊ आहार सुरू आहे. रुग्णालयातून मिळालेल्या कागदावर रोज किमान 60 ग्रॅम प्रथिने घ्यावीत असे लिहिले आहे, परंतु ती घरच्या जेवणातून कशी घ्यायची हे त्यावर नाही. प्रथिनांच्या पावडरीचे दोन डबे आणले होते, पण त्या गोड वासानेच मळमळते, त्यामुळे ते तसेच पडून आहेत.

माझा सध्याचा दिवस असा असतो. सकाळी अर्धा कप दुधाचा चहा, नाश्त्याला तीन-चार चमचे मऊ उपमा, अकराला पेलाभर ताक, दुपारी अर्धी वाटी मऊ वरणभात, चारला एक कप दूध, सहाला शहाळ्याचे पाणी आणि रात्री अर्धी वाटी मुगाची खिचडी. अंडे खाते, मांस-मासे खात नाही. अर्ध्या वाटीच्या पुढे एक घासही जात नाही. थकवा फार आहे, जिना चढल्यावर बसावेसे वाटते आणि आठवडाभरापासून कंगव्यात केसही जास्त दिसू लागले आहेत. घरातले सगळे म्हणतात, "तू तर दिवसातून सात वेळा खातेस, मग अशक्तपणा कसला?" पावडर न घेता घरच्या पदार्थांतून 60 ग्रॅमपर्यंत पोहोचता येते का, हे मला समजून घ्यायचे आहे.

दिनकरराव

अनघाताई, आपल्याकडे पूर्वीपासून आजाऱ्याला मुगाचे कढण देतात, ते उगीच नाही. कडधान्याला मोड आणले की त्यातली प्रथिने दुप्पट होतात. मटकी, मूग, हरभरे यांना रोज मोड आणा, ते शिजवा आणि त्याचे पाणी गाळून दिवसभर प्या. पोटाला हलके आणि ताकद भरपूर. पावडरीची काहीही गरज नाही.

वसुधा_आहार

अनघाताई, लठ्ठपणाच्या शस्त्रक्रिया होणाऱ्या विभागात मी बरीच वर्षे आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. उत्तर देण्यापूर्वी मला तीन गोष्टी सांगा. तुमच्या घरी वरणाला किती डाळ लावता आणि त्याचे किती वाट्या वरण होते? दूध कोणते घेता? आणि अंडे "खाते" म्हणजे रोज खाता, की आठवड्यातून एखाद्या वेळी?

दिनकरकाका, मोडांबद्दल तुमचे अर्धे म्हणणे बरोबर आहे. मोड आल्याने कडधान्य पचायला सोपे होते आणि पोटात वायू कमी धरतो, हे खरे आहे. पण मोड येताना कडधान्य पाणी शोषून फुगते. मूठभर मटकीची दोन मुठी होते, तरी प्रथिने पहिल्या मुठीइतकीच राहतात. साधे पोट असलेल्या माणसाला याने फरक पडत नाही, कारण तो दोन मुठी खाईल. अनघाताईंच्या पोटात जागा एकाच मुठीची आहे, त्यामुळे मोड आलेल्या मटकीतून त्यांना प्रत्येक घासात कमी प्रथिने मिळतील. आणि गाळलेल्या पाण्यात तर फारच थोडी उतरतात, बहुतेक सगळी चोथ्यातच राहतात. ज्या दिवसांत फक्त पातळच चालते, त्या दिवसांत कढण उपयोगी असते. दहाव्या आठवड्यात त्याने पोट भरते आणि हाती काही लागत नाही.

अनघा_मिरज

वसुधाताई, आम्ही चौघे आहोत. एक वाटी तूरडाळ लावते आणि त्याचे सात वाट्या वरण होते, आमच्याकडे सगळ्यांना पातळच आवडते. वाटी नेहमीची, 150 मिली पाण्याची. दूध पिशवीचे, टोन्ड. अंडे आठवड्यातून दोनदा, कारण उकडलेले अंडे छातीत अडकल्यासारखे होते. पोळीचा तुकडा एकदा खाऊन पाहिला होता, तेव्हा उलटी झाली.

मुक्ता_पुणे

छान धागा. मलाही लग्नापूर्वी आठ किलो कमी करायचे आहेत. मी हीच अर्ध्या वाटीची पद्धत उद्यापासून सुरू केली तर चालेल का? शस्त्रक्रिया वगैरे काही नाही, फक्त आहार.

वसुधा_आहार

मुक्ता, कृपया नको. हा आहार ज्यांच्या जठराचा बहुतांश भाग काढलेला आहे त्यांच्यासाठी आहे. त्यांना रोज जीवनसत्त्वांच्या गोळ्या चालू असतात आणि ठरावीक महिन्यांनी रक्त तपासले जाते. तो आधार नसताना इतके कमी खाणे हे उपाशी राहणेच आहे. तुझ्यासाठी वेगळा धागा काढ, तिथे बोलू.

अनघाताई, आता तुमचा हिशेब मांडते. एक वाटी कोरडी तूरडाळ सुमारे 125 ग्रॅम भरते. त्याचे सात वाट्या वरण केले तर एका वाटी वरणात 18 ग्रॅम डाळ येते आणि त्यात प्रथिने साधारण 4 ग्रॅम. तुम्ही अर्धी वाटी वरणभात खाता, म्हणजे त्यात वरण पाव वाटीच असते आणि उरलेली जागा भाताची. वरणाचा 1 ग्रॅम आणि भाताचा जेमतेम 1 ग्रॅम, असे दुपारच्या पूर्ण जेवणातून तुम्हाला 2 ग्रॅम मिळतात. रात्रीच्या खिचडीत 3, उपम्यात 2, चहातल्या दुधात दीड, पेलाभर पातळ ताकात दीड-दोन आणि चारच्या दुधात 5. शहाळ्याच्या पाण्यात प्रथिने नाहीतच म्हणा. सगळे मिळून सुमारे 15 ग्रॅम, आणि ज्या दिवशी अंडे खाल त्या दिवशी 21. कागदावर 60 लिहिले आहेत. घरच्यांना तुम्ही सात वेळा खाताना दिसता, पण त्या सात वेळांत पोटात गेले ते मुख्यतः पाणी, रवा आणि तांदूळ. थकव्याला लोह किंवा बी-12 कमी पडणे हीसुद्धा कारणे असू शकतात, म्हणून तिसऱ्या महिन्याची रक्ततपासणी चुकवू नका. मात्र या हिशेबातली तूट आजच भरून काढता येण्यासारखी आहे.

शस्त्रक्रियेनंतरच्या महिन्यांत मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायला सांगते: या चमच्यात प्रथिने किती आहेत? पदार्थ पौष्टिक आहे की नाही, हा प्रश्न दुसरा. ताक पौष्टिक आहे, शहाळे पौष्टिक आहे, पण अर्ध्या वाटीच्या पोटात ती जागा अडवतात. म्हणून आपल्याच पदार्थांतले पाणी काढायचे आणि पानात आधी प्रथिनांचा पदार्थ संपवायचा. मग भाजीचा चमचा आणि जागा उरली तरच भात. पहिले चार घास भाताचे गेले की पाचवा घास डाळीचा जाणारच नाही, हे तुम्ही अनुभवलेच असेल.

खाडीकाठ

माझी लठ्ठपणासाठीची जठराची बायपास शस्त्रक्रिया होऊन चार वर्षे झाली. वसुधाताईंच्या म्हणण्याला दुजोरा देतो. मी मासे खाणारा असल्यामुळे मला हे तुलनेने सोपे गेले. पापलेट किंवा सुरमईचा तळहातापेक्षाही लहान, 50 ग्रॅमचा तुकडा काटे काढून हळदीच्या पाण्यात वाफवला की 10 ग्रॅम प्रथिने मिळतात आणि तो मऊ असल्याने अडकत नाही. त्या दिवसांत मी ताजे बोंबील फार खायचो, कारण ते अगदी लोण्यासारखे मऊ. नंतर कळले की ताज्या बोंबलात पाणीच पुष्कळ असते, त्यामुळे त्याच वजनाच्या सुरमईच्या निम्मीच प्रथिने मिळतात. कोंबडीचे मात्र सुरुवातीला जमले नाही. रश्शातला छातीचा तुकडा कितीही चावला तरी दोरे दोरेच राहायचे. खिमा करून दह्यात शिजवल्यावर जमले.

एक गोष्ट बायपास झालेल्यांसाठी सांगतो. आईने प्रेमाने दिलेले श्रीखंड दोन चमचे खाल्ले आणि पंधरा-वीस मिनिटांत घाम फुटला, छाती धडधडू लागली, पोटात कळ आली आणि तासभर आडवे पडून राहावे लागले. साखर लहान पोटातून एकदम आतड्यात उतरल्यामुळे असे होते, असे मला सर्जननी नंतर सांगितले. चक्का तोच, पण साखरेशिवाय.

अनघा_मिरज

आकडे वाचून मी बराच वेळ गप्प बसले. दुपारच्या जेवणात फक्त 2 ग्रॅम असतील असे कधीच वाटले नव्हते. वसुधाताई, मग दिवस बसवायचा कसा, ते सविस्तर सांगाल का? मला वेगळे सामान आणणे कठीण नाही, पण घरच्या चौघांच्या स्वयंपाकातूनच निघेल असे सांगितलेत तर ते टिकेल.

वसुधा_आहार

सांगते. यातले सगळे तुमच्या ओट्यावर आधीच आहे, फक्त दुधाची पावडर आणि सोयाबीनच्या वड्या आणाव्या लागतील.

सकाळी सातला 150 मिली टोन्ड दुधात स्निग्धांश काढलेल्या दुधाच्या पावडरीचे दोन मोठे सपाट चमचे, म्हणजे साधारण 15 ग्रॅम, गुठळी न होऊ देता कोमट असताना घोटा. हवी तर चिमूटभर वेलची किंवा सुंठ टाका, साखर नको. दुधाचे 5 आणि पावडरीचे 5 असे 10 ग्रॅम झाले. तुम्हाला त्रास होतो ती गोड वासाची प्रथिनांची पावडर. ही साधी दूध पावडर आहे, हिला दुधाचाच वास येतो. हे दूध अर्ध्या तासात घोट घोट करून संपवायचे.

साडेनऊला एक पूर्ण अंडे आणि एका अंड्याचा पांढरा भाग यांची मऊ भुर्जी. उकडलेले अंडे अडकते, कारण ते घट्ट आणि कोरडे असते. अंड्यात चमचाभर दूध घालून फेटा, तव्यावर अर्धा चमचा तूप घाला, आच अगदी मंद ठेवा आणि भुर्जी जेमतेम आळली, पण अजून चकाकते आहे, अशी असतानाच गॅस बंद करा. उरलेली उष्णता तिला पूर्ण शिजवते. तवा तापवून खरपूस केलीत तर तिचे रबर होईल आणि तोच त्रास पुन्हा होईल. कांदा घालायचा असेल तर बारीक चिरून आधी पूर्ण मऊ करून घ्या. यातून साडेनऊ ग्रॅम मिळतील.

दुपारी साडेबाराला घट्ट मुगाची डाळ आणि पनीर. एक वाटी मूगडाळ शिजवून ती सात वाट्यांऐवजी तीनच वाट्या होईल इतकी आळलेली ठेवा. घरच्यांसाठी त्यातली डाळ बाजूला काढून हवे तेवढे पाणी घालून फोडणी द्या, म्हणजे दोन स्वयंपाक करावे लागणार नाहीत. अशा घट्ट डाळीच्या तीन मोठ्या चमच्यांत 3 ग्रॅम प्रथिने येतात. तिच्यात 30 ग्रॅम पनीर कुस्करून मिसळले की आणखी साडेपाच. पनीर घरीच करा, कारण विकतचे पनीर दाबून घट्ट केलेले असते आणि ते चावून चावून कंटाळा येतो. दूध फाटल्याबरोबर गॅस बंद करा, फडक्यात दहा मिनिटे टांगा, वर वजन ठेवू नका आणि कोमट असतानाच तळहाताने मळून घ्या. ते डाळीत विरघळल्यासारखे मिसळते. तुमच्या दोन ग्रॅमच्या वरणभाताच्या जागी हे साडेआठ ग्रॅम झाले, आणि वाटी तेवढीच भरली.

चारला चक्का. अर्धा लिटर दुधाचे दही लावून ते रात्रभर फ्रीजमध्येच फडक्यात टांगले तर दीडशे ग्रॅमच्या आसपास चक्का निघतो. त्यातला 80 ग्रॅम चक्का, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि मीठ. साडेसहा ग्रॅम मिळतात. खाली उरलेले पाणी फेकू नका, त्यातही थोडी प्रथिने असतात. घरच्यांच्या कणकेत किंवा आमटीत घाला.

रात्री साडेसातला सोयाबीनच्या वड्यांचा खिमा. कोरड्या 15 ग्रॅम वड्या गरम पाण्यात भिजवून, दोनदा पिळून, मिक्सरमध्ये रवाळ करा आणि टोमॅटोच्या गाळलेल्या रसात दहा मिनिटे मऊ शिजवा. उतरवल्यावर चमचाभर चक्का मिसळा. फुगून हे तिप्पट होते, तरीही अर्ध्या वाटीत बसते आणि साडेआठ ग्रॅम देते. सवय नसेल तर पहिल्या आठवड्यात निम्म्यानेच सुरुवात करा, काहींना यामुळे पोट फुगते.

रात्री साडेनऊला पुन्हा सकाळसारखे दूध, 10 ग्रॅम.

सगळे मिळून 53 झाले. दुपारच्या डाळीत आणखी एका अंड्याचा उकडलेला पांढरा भाग किसून घाला आणि चारच्या चक्क्यात एक चमचा दूध पावडर मिसळा, की तुम्ही 59 वर येता. हे पहिल्याच दिवशी जमणार नाही आणि जमवण्याचा हट्टही करू नका. या आठवड्यात फक्त दोन बदल करा: दोन्ही वेळचे दूध आणि घट्ट डाळ. तेवढ्यानेच तुमचे 15 चे 30 होतील.

निशिगंध

वसुधाताई, पाण्याचे काय? माझ्या नणंदेला जेवताना पाणी पूर्ण बंद सांगितले आहे. ती म्हणते, मग दीड लिटर पाणी प्यायचे तरी केव्हा? अनघाताईंच्या या वेळापत्रकात मला मोकळी जागाच दिसत नाही.

वसुधा_आहार

जागा आहे, पण ती घोटाघोटाने वापरावी लागते. जेवण झाल्यावर अर्धा तास पाणी नाही, हा नियम बहुतेक सगळीकडे सारखा आहे, कारण पाण्याबरोबर अन्न लवकर पुढे सरकते आणि पोट भरल्याची जाणीव हरवते, शिवाय उलटीचीही शक्यता वाढते. जेवणापूर्वी किती वेळ थांबावे, याबद्दल मात्र वेगवेगळे सर्जन वेगवेगळे सांगतात. कोणी पंधरा मिनिटे म्हणतात, कोणी अर्धा तास. तुमच्या नणंदेने तिच्या सर्जनचे ऐकावे. दोन जेवणांमध्ये तीन तासांचे अंतर असेल तर जेवणाची वीस-पंचवीस मिनिटे आणि मागची-पुढची बंदी वजा जाऊनही दीड तासाहून जास्त वेळ उरतो. त्या वेळात 250 मिलीची बाटली हातात ठेवून दर पाच-सात मिनिटांनी एक घोट घेतला की ती संपते. दोन्ही वेळचे दूधही द्रवातच मोजा. शहाळे आणि ताक या मधल्या वेळेत घ्या, जेवणाच्या जागी घेऊ नका.

खाडीकाठ

दूध पचत नसेल तर? बायपासनंतर पहिले काही महिने मला साधे दूध प्यायले की पोटात गुडगुड व्हायचे आणि लगेच जावे लागायचे. दह्याने, चक्क्याने तसे झाले नाही. अनघाताईंना स्लीव्ह आहे म्हणून कदाचित चालेल, पण ज्यांना चालत नाही त्यांनी दुधाच्या दोन्ही वेळा काय घ्यावे?

वसुधा_आहार

हा अनुभव पुष्कळांना येतो, स्लीव्हनंतरही काहींना येतो. दही लागताना दुधातली साखर बरीचशी कमी होते आणि टांगल्यावर आणखी काही पाण्याबरोबर निघून जाते, म्हणून चक्का सोसतो. अशांनी सकाळी दुधाऐवजी फुटाण्याच्या डाळीचे बारीक दळलेले पीठ चक्क्यात कालवून घ्यावे. दोन मोठ्या चमच्यांत 4 ग्रॅमच्या आसपास प्रथिने येतात. पण खरे सांगायचे तर दूध आणि दूध पावडर दोन्ही गेल्यावर फक्त शाकाहारी घरगुती पदार्थांतून साठ गाठणे मला फार थोड्यांना जमताना दिसले आहे. तिथे प्रथिनांची पावडर ही औषधासारखी घ्यावी, असे माझे मत आहे. गोड वासाचा त्रास होत असेल तर बिनवासाची पावडर मिळते, ती घट्ट डाळीत किंवा सूपमध्ये मिसळता येते. सूप उतरवून कोमट झाल्यावर मिसळा, उकळत्यात घातली तर गुठळ्या होतात.

दिनकरराव

मला हे पटत नाही. डब्यातल्या पावडरीने मूत्रपिंडावर ताण येतो, असे आमच्या ओळखीच्या एकांना डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. त्यांचे क्रिएटिनिन वाढले होते आणि डाळसुद्धा बंद केली होती. मग इथे 60 ग्रॅम सुरक्षित कसे?

वसुधा_आहार

काका, ज्यांचे मूत्रपिंड आधीच बिघडलेले आहे त्यांना प्रथिने मोजून-मापूनच द्यावी लागतात, तुमच्या ओळखीच्या गृहस्थांना तसे सांगणे योग्यच होते. अशा माणसाची लठ्ठपणाची शस्त्रक्रिया झाली असेल तर त्याचा आकडा मूत्रपिंडतज्ज्ञांनी ठरवावा, तो इथे कोणीही सांगू नये. पण 60 ग्रॅम हा काही पैलवानाचा खुराक नाही. निरोगी मूत्रपिंड असलेला आणि दोन वेळा नीट जेवणारा माणूस साधारण तेवढे खातोच. शस्त्रक्रियेनंतर वजन झपाट्याने उतरते तेव्हा शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडून वापरते. प्रथिने कमी पडली तर काट्यावरचा आकडा उतरतो, पण त्यातला मोठा वाटा स्नायूंचा असतो. जिना चढताना मांड्या भरून येतात त्या त्यामुळेही असू शकतात.

निशिगंध

अनघाताईंनी उलटीचा उल्लेख केला म्हणून लिहिते. माझ्या बहिणीला शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या महिन्यात रोज उलट्या होऊ लागल्या. जिथे दाखवले तिथे आम्लपित्त समजून तीन आठवडे त्याच गोळ्या दिल्या गेल्या. नंतर पायांना मुंग्या येऊ लागल्या आणि चालताना तोल जाऊ लागला. दुसऱ्या रुग्णालयात नेल्यावर ब-1 जीवनसत्त्व संपल्याचे निदान झाले आणि शिरेतून इंजेक्शने द्यावी लागली. चालणे पूर्ववत व्हायला पुष्कळ महिने लागले. तेव्हा घास अडकून एखादी उलटी होणे आणि रोज उलटी होणे यातला फरक घरच्यांनाही माहीत असू द्या.

वसुधा_आहार

निशिगंध, तुम्ही हे लिहिलेत ते फार बरे केले. मी त्यात भर घालते. घास अडकला तर छातीच्या मध्यभागी दाब येतो, तोंडात लाळ सुटते, कधी उचकी लागते किंवा नाक वाहू लागते आणि तो घास फेसासह बाहेर आला की बरे वाटते. घाईने खाल्ले, घास मोठा घेतला किंवा पदार्थ कोरडा असला की असे होते. पोळी, पाव, मोकळा भात आणि कोरडे उकडलेले अंडे यांच्याबाबतीत हे मी सर्वांत जास्त ऐकते. त्या वेळी वरून पाणी पिऊन घास ढकलू नये, थांबावे.

पण दोन दिवसांहून अधिक काळ उलट्या होत राहिल्या, पाणीही टिकेनासे झाले, हातापायांना मुंग्या आल्या, एकाचे दोन दिसू लागले किंवा तोल जाऊ लागला, तर आहार बदलून पाहत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालयात जा. तिथे नवीन डॉक्टर असतील तर "माझी लठ्ठपणाची शस्त्रक्रिया झाली आहे, थायमिन म्हणजेच ब-1 जीवनसत्त्व दिल्याशिवाय ग्लुकोजचे सलाईन लावू नका" असे आवर्जून सांगा. थायमिनशिवाय नुसते ग्लुकोज गेले तर शरीरात उरलेसुरले थायमिनही खर्ची पडते आणि मेंदूला इजा होऊ शकते.

गोदातीर

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. आईची शस्त्रक्रिया होऊन चार महिने झाले. ती आषाढी एकादशी कधीच सोडत नाही. साबुदाणा मऊ असतो, तर त्याची पातळ खीर तिला चालेल का? डॉक्टरांना विचारायला ती मला मनाई करते.

वसुधा_आहार

साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतात, तो चिकट असल्याने अडकतोही आणि खिरीत साखरही आली. उपवासच करायचा असेल तर दूध, चक्का आणि घरचे पनीर हे तिन्ही उपवासाला चालतात. त्यांच्यावरच दिवस काढता येतो. राजगिऱ्याचे पीठ दुधात शिजवून चार चमचे देता येईल. दाण्याची आमटी फार तर दोन चमचे, दाण्यात प्रथिने आहेत पण तेल त्याहून बरेच जास्त आहे आणि ते जड पडते. निर्जळी मात्र अजिबात नको. मधुमेहाची औषधे चालू असतील तर आई मनाई करत असली तरी डॉक्टरांना विचाराच, कारण त्या दिवशीची मात्रा बदलावी लागू शकते.

अनघा_मिरज

दोन बदलांपासून सुरुवात केली होती, आता आठवडा झाला. पावडर घोटलेले दूध दोन्ही वेळा जाते आहे, सकाळी सुंठ घालते, रात्री हळद. घट्ट डाळीचे साडेतीन चमचे जातात. घरच्यांची डाळ आधी काढून मग पातळ करण्याची युक्ती सासूबाईंनाही पटली आणि आता त्याच माझी वाटी बाजूला ठेवतात. कालपासून तुम्ही सांगितलेली भुर्जी केली. ती अडकली नाही, पण सहा चमच्यांपुढे गेली नाही, म्हणजे दुसऱ्या अंड्याचा पांढरा भाग बहुधा उरतोच. थकव्यात फार फरक आहे असे अजून म्हणता येणार नाही. पुढच्या आठवड्यात रक्त तपासायचे आहे.

दोन शंका आहेत. केस गळणे थांबेल का? मैत्रिणीने बायोटिनच्या गोळ्या सुचवल्या आहेत. आणि पोळी केव्हा खाता येईल? भाताइतकीच मला तिची आठवण येते.

वसुधा_आहार

भुर्जी सहा चमचे गेली तरी 7 ग्रॅम झाले, तेवढ्यावर थांबा. उरलेला पांढरा भाग दुपारच्या डाळीत ढकला.

केस तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळतात, हे शस्त्रक्रियेच्या आणि वेगाने उतरणाऱ्या वजनाच्या धक्क्याने होते. प्रथिने पूर्ण घेणाऱ्यांचेही गळतात, फक्त त्यांचे लवकर सावरतात. प्रथिने, लोह आणि जस्त कमी असेल तर गळणे लांबते, म्हणून आधी रक्ताचा अहवाल पाहा. नुसत्या बायोटिनने फरक पडताना मला दिसलेला नाही. शिवाय बायोटिन चालू असेल तर थायरॉईडसारख्या काही तपासण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात, त्यामुळे रक्त देण्यापूर्वी ते घेऊ नका. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेत असाल तर त्यांच्यात दोन तासांचे अंतर ठेवा. दुधाबरोबरही लोहाची गोळी नको. तुमच्या नव्या वेळापत्रकात ती दुपारच्या जेवणानंतर तासाभराने बसेल, फक्त त्या दिवशी डाळीत पनीर असेल तर दोन तास थांबा.

खाडीकाठ

पोळीबद्दल माझ्या सर्जननी तीन महिन्यांनंतर म्हटले होते, आणि मला प्रत्यक्षात सातव्या महिन्यात जमली. तीही ताजी नाही, कडक भाजलेल्या फुलक्याचा पापुद्रा. ताज्या मऊ पोळीचा पोटात गोळा होतो.

निशिगंध

माझ्या बहिणीला दुसऱ्या रुग्णालयात सहा आठवड्यांनीच परवानगी होती, असे तिच्या कागदावर छापलेले आहे. आणि तिला भाकरी दुधात कुस्करून लवकर जमली, पोळी अजून जमत नाही. त्यामुळे नेमके कोणाचे धरावे हे आम्हालाही कळले नाही.

वसुधा_आहार

याला सगळ्यांना लागू होणारे एक उत्तर माझ्याकडेही नाही. मी माझ्या रुग्णांना तारीख देत नाही. दिवसाची प्रथिने 50 च्या पुढे गेली आहेत आणि मऊ पदार्थ आठवडाभर विनात्रास जात आहेत, असे झाले की डाळ-पनीर संपवून झाल्यावर कडक फुलक्याचा नखाएवढा तुकडा चावून पाहायला सांगते. अनघाताई, तुमचा अहवाल आला की हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-12, ड जीवनसत्त्व आणि अल्ब्युमिन यांचे आकडे इथे लिहा. मग पुढच्या आठवड्यात आधी चक्का वाढवायचा की सोयाबीन सुरू करायचे, ते ठरवू.